जाळीवरून निसटलेला अमोनिया : नायट्रिक आम्लाच्या बर्नरवरच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

बर्नर उघडला. आमचा संयंत्र दिवसाला 300 टन नायट्रिक आम्ल (शंभर टक्के धरून) काढतो आणि बर्नरमध्ये साडेचार बारच्या आसपास दाब असतो. झाकण बाजूला झालं की खाली अडीच मीटर व्यासाची गोल जाळी दिसते. अमोनिया हवेबरोबर जळतो तो हिच्यावरच. एवढ्या मोठ्या कारखान्याचं काळीज म्हणजे हे आठ थर, वजन सगळं मिळून 24 किलो. तार 0.076 मिलिमीटरची, 90 टक्के प्लॅटिनम आणि 10 टक्के ऱ्होडियम.

जुनी जाळी हातात घेतल्यावर ओळखू येत नाही. नवी असताना चांदीसारखी चमकते आणि कापडासारखी लवते. सहा महिने जळल्यावर करडी पडते, कडक होते, दुमडली तर तुटते. भिंगाखाली तारेवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगवटे दिसतात. प्लॅटिनमचा अंश ऑक्साइडच्या वाफेच्या रूपात उडतो आणि थोडा तिथेच पुन्हा बसतो, त्यातून हे फुगवटे तयार होतात. जो उडून जातो त्यातला बराचसा खालच्या पॅलेडियमच्या जाळ्यांवर अडकतो. त्यासाठीच त्या ठेवलेल्या असतात.

जुना प्रत्येक थर काढताना आणि नवा प्रत्येक थर बसवताना वजन होतं, दोन सह्या होतात. हातात सुती मोजे, खिशात पेन नको, पायाखाली स्वच्छ चादर. काकांनी (बर्नरवरचे सर्वांत जुने ऑपरेटर, त्यांना सगळेच काका म्हणतात) मला पहिल्याच दिवशी बजावलं, "जाळीला हात लावण्याआधी पाना कुठे ठेवलास ते सांग." तेव्हा ते उगाच कडक वागताहेत असं वाटलं. त्यामागचं कारण मार्चमध्ये कळलं.

8 जानेवारी

आज पेटवणं. प्रक्रिया कागदावर तीन ओळींची आहे. खाली लिहिलेल्यातली पहिली हवी असते, बाकीच्या दोन नको असतात. तिन्ही आपापल्या परीनं होतच असतात.

```
4NH3 + 5O2 -> 4NO + 6H2O
4NH3 + 3O2 -> 2N2 + 6H2O
2NH3 + 2O2 -> N2O + 3H2O
```

NO पुढे थंड होताना हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून NO2 होतो आणि शोषण मनोऱ्यात पाण्यात जाऊन आम्ल बनतो. N2 आणि N2O दोन्ही पाण्यात न जाता धुराड्यातून निघून जातात. म्हणजे अमोनियाचा जो रेणू या वाटांना लागला तो आमच्या हातून गेला. प्लॅटिनमचं सारं कौशल्य एवढंच, की पहिल्या वाटेला इतका वेग द्यायचा की दुसऱ्या वाटा मागे पडाव्यात. वायू जाळीजवळ असतो तो साधारण एक मिलिसेकंद. जास्त वेळ थांबला तर NO आणि अमोनिया एकमेकांना खाऊन नायट्रोजन करतात. वेळ कमी पडला तर अमोनिया न जळताच निसटतो.

पेटवताना आधी हवा चालू, मग हायड्रोजनची ज्योत जाळीच्या वरून फिरवायची. तारा तापून ठिकठिकाणी लाल झाल्या की अमोनिया सोडायचा. साइट ग्लासमधून पाहिलं तर एका कोपऱ्यात केशरी डाग उमटला, आणि वाळलेल्या गवतातून आग सरकावी तसा तो पसरत जाऊन मिनिटभरात सगळी जाळी उजळली. पसरला नसता तर अमोनिया ताबडतोब बंद करावा लागला असता. न जळलेला अमोनिया पुढे थंड भागात जाऊन नायट्रोजनच्या ऑक्साइडांना भेटला तर कूलरच्या नळ्यांवर अमोनियम नायट्राइट आणि नायट्रेटचा पांढरा थर बसतो, आणि तो स्फोटक असतो. म्हणूनच दर वेळी पेटवून झाल्यावर कूलर आणि वायूच्या कंप्रेसरला वाफ-पाण्याची धुलाई मिळते.

मिश्रणात अमोनिया 10.4 टक्के. आमच्याकडे 12 टक्क्यांवर ट्रिप आहे, म्हणजे अमोनिया आपोआप बंद होतो, कारण त्यापुढे मिश्रण स्फोटाच्या हद्दीजवळ जायला लागतं, आणि दाब-तापमान वाढलं की ती हद्द आणखी खाली येते. जाळीचं तापमान सायंकाळी 891 अंशांवर स्थिरावलं. हिशोबही तेवढाच सांगतो: मिश्रण 163 अंशांना आत येतं, अमोनियाच्या दर एक टक्क्यामागे साधारण 70 अंशांची भर पडते, म्हणजे 728 अंश.

15 जानेवारी

नवी तार गुळगुळीत असते, म्हणून पहिले काही दिवस तिची कार्यक्षमता, म्हणजे शंभरातला किती अमोनिया NO होतो तो आकडा, कमी असते. पृष्ठभाग खडबडीत झाला की ती वर येते. आठवडा थांबून आज पहिलं मोजमाप घेतलं.

ही मोजणी कशी चालते ते इथे सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दोन लिटरचे हवा काढलेले काचेचे फ्लास्क. एका जोडीत एक फ्लास्क जाळीच्या आधीच्या मिश्रणाचा, दुसरा जाळीनंतरच्या वायूचा, दोन्ही एकाच वेळी भरायचे. आधीच्या फ्लास्कमध्ये मोजून आम्ल असतं, ते अमोनिया पकडतं. नंतरच्या फ्लास्कमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतो, तो NO चं नायट्रिक आम्ल करतो. त्यासाठी फ्लास्क हलवून काही तास ठेवावा लागतो. फ्लास्कचं वजन आधी आणि नंतर केलं की आत नेमका किती ग्रॅम वायू आला ते कळतं.

वायूचं घनफळ न मोजता वजन करण्यात एक सोय आहे. जाळीवर रेणूंची संख्या बदलते, तापमान बदलतं, पण वजन तेवढंच राहतं. त्यामुळे दोन्हीकडे "एका ग्रॅम वायूत किती मिलिमोल" एवढंच काढायचं आणि भागायचं.

आधीचा: 2.00 ग्रॅम वायू, 7.53 मिलिमोल अमोनिया, म्हणजे ग्रॅमला 3.765.
नंतरचा: 2.10 ग्रॅम वायू, अर्ध्या नॉर्मल कॉस्टिकचे 15.12 मिलिलिटर लागले, म्हणजे 7.56 मिलिमोल आम्ल, ग्रॅमला 3.600.

3.600 भागिले 3.765 म्हणजे 95.6 टक्के. या दाबाला हा आकडा चांगला म्हणायचा.

लॅबच्या मॅडमनी ब्युरेट वाचताना सांगितलं, "एक दशांश मिलिलिटर चुकलं तर अर्ध्या टक्क्याहून जास्त चुकलं असं धर." म्हणून एका दिवसाच्या तीन जोड्या करायच्या आणि सरासरी घ्यायची. वर लिहिलेला आकडा त्या सरासरीच्या अगदी जवळच्या जोडीचा आहे.

2 मार्च

93.0. तीन जोड्यांची सरासरी. नंतरच्या फ्लास्कमध्ये 2.06 ग्रॅमला फक्त 14.42 मिलिलिटर कॉस्टिक लागलं.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत 95.5 च्या आसपासच होतं. जाळी हळूहळू म्हातारी होते हे माहीत आहे, पण दोन आठवड्यांत अडीच टक्के हे म्हातारपण नव्हे. मीटिंगमध्ये पहिला सूर "जाळी खराब दर्जाची आली" असा निघाला. मला तो पटला नाही. खराब जाळी असती तर जानेवारीतच 95.6 दिसलं नसतं.

3 मार्च

सगळ्यात आधी मोजमापावरच संशय घेतला. जाळीनंतरच्या वायूत पाण्याची वाफ भरपूर असते. नमुन्याची नळी कुठेही थंड पडली तर तिथे थेंब धरतात, त्या थेंबांत आम्ल विरघळतं आणि फ्लास्कपर्यंत पोचतच नाही. आकडा मग खोटाच कमी येतो.

नळीवर हात फिरवता येत नाही, पण संपर्क थर्मामीटर फिरवता येतो. एका वळणावर तापवणारी पट्टी सैल होऊन लोंबत होती आणि तेवढा तुकडा 60 अंशांवर होता. पट्टी नीट गुंडाळली, नळी वायूनं बराच वेळ धुतली, पुन्हा तीन जोड्या घेतल्या. 93.4.

म्हणजे 0.4 टक्के खोटं होतं. उरलेलं 2.2 टक्के खरं. मनात कुठेतरी सगळाच दोष पट्टीचा निघावा असं वाटत होतं, हे कबूल करतो.

किती नुकसान आहे तेही मांडून ठेवतो. एक टन आम्लाला कागदोपत्री 270.3 किलो अमोनिया लागतो. 95.6 टक्के आणि शोषण 99.8 टक्के धरलं तर 283 किलो. 93.4 टक्क्यांना 290 किलो. टनामागे जवळजवळ सात किलो, दिवसाला दोन टन अमोनिया.

4 मार्च

अमोनिया दोन प्रकारे हरवू शकतो. एकतर तो जाळीला बगल देऊन न जळताच खाली जातोय (चौकटीचं गॅस्केट फाटलं, जाळी कडेला उसवली), किंवा तो जळतोय पण NO ऐवजी N2 होतोय. आकडा दोन्हीकडे सारखाच कमी दिसतो, उपाय मात्र अगदी वेगळे. पहिल्यात चौकट उघडून बसवायची, दुसऱ्यात जाळीवर काय बसलंय ते शोधायचं.

फरक तापमान सांगतं. अमोनियाचा एक मोल NO झाला तर सुमारे 226 किलोज्यूल उष्णता निघते. तोच N2 झाला तर 317. म्हणजे चुकीच्या वाटेनं जळलेला अमोनिया उलट जास्त तापवतो. 2.2 टक्के अमोनिया त्या वाटेला लागला असेल तर जाळीचं तापमान साडेसहा अंशांनी वाढायला हवं.

बगल देऊन जात असेल तर उलट. त्यात आणखी एक गंमत आहे. न जळलेला अमोनिया फ्लास्कमध्ये पोचला की तिथल्या आम्लालाच मारतो, म्हणून एक टक्का गळतीला आकडा दोन टक्के पडतो. आमचं 2.2 टक्के दिसायला फक्त 1.1 टक्का गळती पुरते, आणि त्यामुळे तापमान आठ अंशांनी उतरायला हवं.

नोंदवही उघडली. जानेवारीत 891, आज 898. जाळीखालचे चारही थर्मोकपल सारखेच वर गेलेत. आत येणाऱ्या वायूचं तापमान तेच, 163.

यात मेख अशी, की अमोनियाचं प्रमाण 0.1 टक्क्यानं वाढलं तरी तापमान सात अंशांनी वर जातं. मीटर थोडा सरकला असेल तर माझा सगळा तर्क हवेत. पण आधीच्या फ्लास्कमध्ये तीनही वेळा 10.4 च्या आसपासच आलं आहे. तरीसुद्धा एकट्या तापमानावर बर्नर बंद करा असं सांगायला माझी छाती झाली नाही.

6 मार्च

दुसरा पुरावा: पहिल्या कूलर-कंडेन्सरखाली साचणारं पातळ आम्ल. जाळीवरून अमोनिया निसटत असेल तर तो तिथे अमोनियमच्या रूपात सापडलाच पाहिजे. नमुना घेतला, मॅडमनी तो अल्कली करून नेसलरच्या द्रावणाशी पाहिला. तपकिरी रंग आला नाही, फिकट पिवळी झाकही नाही. जानेवारीत पेटवल्याच्या दिवशीच्या नमुन्यात हाच रंग गडद आला होता, त्यामुळे चाचणी चालते यात शंका नाही.

गळती नाही. म्हणजे N2.

आता जाळीवर काय बसलंय? प्लॅटिनमच्या शत्रूंत पहिला मान लोखंडाचा. लोहाचा ऑक्साइड, म्हणजे साधा गंज, स्वतःच अमोनिया जाळतो, पण त्याच्या हातून प्लॅटिनमपेक्षा नायट्रोजन जास्त निघतो. जाळीवर जिथे गंजाचा कण बसला तिथे प्लॅटिनमचं राज्य संपलं. म्हणूनच अमोनिया आणि हवा दोन्ही फिल्टरमधून गाळून येतात, आणि मिश्रणाची नळी स्टेनलेसची असते.

काका म्हणाले, "फिल्टरचा दाबफरक बघितलास का?" बघितला नव्हता. अमोनियाच्या फिल्टरवर नेहमी 30 ते 35 मिलिबार असतो. 19 फेब्रुवारीला 34, आणि 20 तारखेला एका रात्रीत 19. शिफ्टच्या वहीत कुणीतरी समाधानानं लिहिलं होतं: "फिल्टर स्वच्छ चालू आहे."

फिल्टर चालता चालता आपोआप स्वच्छ होत नाही. दाबफरक एकदम अर्ध्यावर आला म्हणजे वायूला फिल्टरच्या बाजूनं मोकळी वाट मिळाली.

11 मार्च

बंद घेतला. आधी फिल्टर उघडला. सहा काडतुसांपैकी एकाची खालची सील जागेवरून सरकून वाकडी झाली होती आणि बोटाच्या पेरापेक्षा मोठी फट पडली होती. फिल्टरच्या आधीची अमोनियाची नळी साध्या पोलादाची. जानेवारीच्या कामात ती उघडी राहिली होती, आतून गंजली, आणि तोच गंज आता सुटत होता. सील बसवताना नट आवळण्याचा क्रम चुकला असावा असा अंदाज आहे. वहीत त्या दिवशीची तपासणीची सही नाही.

मग बर्नर. वरच्या थरावर टॉर्चचा उजेड तिरका टाकला तर मध्यभागी लालसर तपकिरी भुकटी, हळदीच्या हातानं पुसल्यासारखी. पांढऱ्या मोज्याचं बोट हलकेच टेकवलं, बोटावर गंजाचा रंग. दुसऱ्या थरावर कमी, तिसऱ्यावर तुरळक, चौथ्यापासून खाली स्वच्छ. जाळी स्वतःच एक चांगला फिल्टर असते, दुर्दैवानं. चौकटीचं गॅस्केट सगळीकडे शाबूत होतं.

12 मार्च

वरचे तीन थर धुवायचे ठरलं. नवे टाकावेत असं एक मत होतं, पण तार अजून तरुण आहे, दोन महिनेच वापरलेली.

कृती जुनी आहे. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, 60 ते 70 अंश, काचतंतूच्या उथळ टाकीत थर सपाट बुडवून ठेवायचा. प्लॅटिनमला हे आम्ल काही करत नाही, गंज मात्र विरघळतो. पाच मिनिटांत पाणी पिवळं दिसू लागलं, दहा मिनिटांत लिंबाच्या सरबतासारखं. पहिल्या थराला आम्ल दोनदा बदलावं लागलं, तिसऱ्याला एकदाच पुरलं.

धुण्यापेक्षा खळबळणं जास्त वेळ खातं. क्लोराइड मागे राहिलं तर खालच्या स्टेनलेसच्या नळ्यांना खड्डे पाडतं. खनिजमुक्त पाण्यानं धूत राहायचं आणि निथळणाऱ्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघायचं. पहिल्या पाच पाण्यांना दुधट गढूळपणा येत होता. आठव्या पाण्याला थेंब टाकल्यावर मॅडमनी परीक्षानळी काळ्या कागदासमोर धरून बराच वेळ पाहिली आणि मग "चालेल" म्हणाल्या.

थर वाळवून पुन्हा वजन केलं. नोंदी केल्या, दोन सह्या. अमोनियाची नळी फिल्टरपर्यंत उघडून घासून साफ केली आणि फिल्टरच्या सहाही सीलवर दोघांनी हात फिरवून बघितला.

13 मार्च

पेटवलं. या वेळी पसरायला थोडा जास्त वेळ लागला, पण कुठेही काळा ठिपका राहिला नाही. फिल्टरवर 31 मिलिबार.

19 मार्च

तीन जोड्यांची सरासरी 95.3. तापमान 892, अमोनिया 10.4. धुलाईनं तारेचा काही खडबडीत पृष्ठभागही गेला असावा, त्यामुळे उरलेलं 0.3 टक्के भरून येईल की तसंच राहील हे पुढच्या महिन्याच्या आकड्यांतून दिसेल. दिवसाला वाया जाणाऱ्या दोन टनांपैकी बहुतेक परत आले.

तापमान पुन्हा उतरलं हे मला आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. गंज गेला आणि सहा अंश गेले. 4 मार्चचा तर्क एकाच दिशेनं तपासला होता, आज तो उलट दिशेनंही तपासून झाला.

मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, की मग 95.3 च्या वरचे 4.7 टक्के कुठे जातात? सगळं काही N2 होत नाही. आमच्यासारख्या मध्यम दाबाच्या संयंत्राला टनामागे साधारण सात किलो N2O धरतात. एका N2O ला दोन अमोनिया लागतात, म्हणजे सात किलोमागे 5.4 किलो अमोनिया. 284 किलोतले 4.7 टक्के म्हणजे 13.3 किलो. त्यातले 5.4 N2O ला, उरलेले जवळजवळ आठ N2 ला. N2O हा हवामानाला तापवणारा वायू आहे, वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या दोनशे साठपटीहून जास्त. त्याला तोडणारा दुसरा उत्प्रेरक जाळीच्या खालच्या टोपलीत भरता येतो, पण त्यानं गेलेला अमोनिया परत मिळत नाही.

22 मार्च

शिफ्टच्या वहीत दोन बदल. अमोनियाच्या फिल्टरच्या दाबफरकाला आता खालचीही मर्यादा आहे: 25 च्या खाली गेला तर अलार्म. आणि जाळीच्या तापमानाशेजारी रोज एक आकडा लिहायचा: मिश्रणातल्या अमोनियाच्या टक्क्यावरून जे तापमान यायला हवं ते आणि प्रत्यक्षातलं यातला फरक. तो सलग तीन दिवस पाच अंशांच्या वर गेला तर फ्लास्क काढायचे, महिना पुरा व्हायची वाट बघायची नाही.

आजचा फरक: एक अंश.